दोन विस्कळीत जागांची तुलना : क्रम-विपुलता आलेख कसा काढावा आणि कसा वाचावा

परिसंस्थेच्या अहवालात एक पेच वारंवार समोर येतो. दोन जागांवरच्या वनस्पती मोजल्या जातात. पहिल्या जागेवर 12 जाती सापडतात आणि दुसरीवर 8, म्हणून पहिली जागा अधिक समृद्ध वाटते. परंतु जातींची संख्या आणि वाटणी मिळून वैविध्य मोजणारा शॅनन निर्देशांक काढला की पहिलीचा 1.46 येतो आणि दुसरीचा 1.87, म्हणजे वैविध्य दुसरीकडेच अधिक असल्याचे दिसते. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवतात आणि ‘दोन्ही जागांवर मध्यम वैविध्य आढळले’ असे लिहून पुढे जातात. हे दोन आकडे परस्परविरोधी का आले, याचे उत्तर क्रम-विपुलता आलेख, म्हणजे जाती उतरत्या संख्येने लावून त्यांचे हिस्से दाखवणारा आलेख, देतो, कारण तो जातींची संख्या आणि त्यांच्यातली वाटणी एकमेकांत मिसळू देत नाही. रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1965 मध्ये वनस्पती समुदायांतील वर्चस्व दाखवण्यासाठी ही मांडणी वापरली, म्हणून तिला व्हिटेकर आलेख असेही म्हणतात.

या लेखात मुंबईच्या उपनगरांत सहज आढळतील अशा दोन जागा उदाहरणासाठी घेतल्या आहेत. जागा ‘अ’ म्हणजे बांधकामाचा राडारोडा टाकून सोडून दिलेला, दोन पावसाळे पाहिलेला भूखंड. जागा ‘ब’ म्हणजे झाडांखालच्या पायवाटेची कड, जिथे लोकांची वर्दळ असते आणि पावसाळ्यात गवत वारंवार कापले जाते. आकडे पद्धत समजावी म्हणून रचलेले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे नाहीत. जाती मात्र मुंबईच्या पावसाळी रानोमाळ दिसणाऱ्या आहेत.

मोजणी करताना आधी ठरवायच्या गोष्टी

आलेख कितीही सुबक काढला तरी मोजणीतली चूक तो दुरुस्त करू शकत नाही. त्यामुळे दोन्ही जागांवर एक मीटर बाय एक मीटर आकाराच्या समान संख्येच्या चौकटी टाकाव्यात. आपल्या उदाहरणात प्रत्येक जागेवर 20 चौकटी आहेत. चौकटींच्या जागा यादृच्छिक आकड्यांनी ठरवाव्यात, कारण नजरेने निवडल्या तर हात नकळत फुललेल्या, दाट झुडपांकडे वळतो आणि वर्चस्व असलेली जात प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते.

दोन्ही जागांची मोजणी शक्यतो एकाच आठवड्यात करावी, आणि मुंबईत त्यासाठी ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ सोयीचा असतो, कारण तोवर बहुतेक वर्षायू वनस्पतींना ओळखण्याइतकी पाने-फुले आलेली असतात. टाकळ्याची रोपे पहिल्या सरींनंतर अंथरुणासारखी दाट उगवतात आणि पुढच्या आठवड्यांत आपापसांतल्या स्पर्धेने विरळ होत जातात. एक जागा जुलैत आणि दुसरी सप्टेंबरमध्ये मोजली, तर आलेखात दिसणारा फरक जागांचा नसून महिन्यांचा असेल. ही चूक नंतर आकड्यांवरून ओळखताही येत नाही, म्हणून प्रत्येक चौकटीच्या नोंदीवर तारीख असलीच पाहिजे. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान रोपे मुख्य मोजणीत घ्यायची की वेगळी नोंदवायची, हेही आधीच ठरवून अहवालात लिहावे.

सर्वांत अवघड प्रश्न ‘एक झाड’ कशाला म्हणायचे, हा आहे. एकदांडीचे देठ जमिनीवर पसरून पेरांपाशी मुळे धरतात, आणि हराळीच्या बाबतीत तर एक रोप कुठे संपते व दुसरे कुठे सुरू होते हे सांगताच येत नाही. म्हणून या उदाहरणात गवते वगळली आहेत, आणि जमिनीतून स्वतंत्र बुंध्याने वर आलेले प्रत्येक रोप एक धरले आहे. गवते समाविष्ट करायची असतील, तर सर्वच जातींसाठी संख्या सोडून आच्छादनाची टक्केवारी वापरावी. काही जातींची संख्या आणि काहींचे आच्छादन एकाच आलेखात घालणे ही मला अहवालांत सर्वाधिक खटकणारी चूक आहे, कारण त्यानंतर उभ्या अक्षावर नेमके काय मोजले आहे, हेच सांगता येत नाही.

क्रम लावणे आणि टक्केवारी काढणे

सर्व 20 चौकटींची बेरीज केल्यावर प्रत्येक जागेवरील जाती सर्वाधिक संख्येपासून सर्वांत कमी संख्येपर्यंत उतरत्या क्रमाने लावाव्यात. क्रम प्रत्येक जागेचा स्वतंत्र असतो. ‘अ’मधली तिसरी जात ‘ब’मध्ये पहिली असू शकते किंवा तिथे नसूही शकते. कंसातले आकडे त्या जागेवरील एकूण रोपांतला टक्केवारीचा हिस्सा दाखवतात.

| क्रम | जागा ‘अ’ (एकूण 300 रोपे) | जागा ‘ब’ (एकूण 200 रोपे) |
|---|---|---|
| 1 | गाजरगवत 168 (56) | लाजाळू 52 (26) |
| 2 | टाकळा 54 (18) | एकदांडी 44 (22) |
| 3 | एकदांडी 27 (9) | टाकळा 34 (17) |
| 4 | आघाडा 15 (5) | चिकणा 26 (13) |
| 5 | कुर्डू 12 (4) | माका 18 (9) |
| 6 | चिकणा 9 (3) | पुनर्नवा 12 (6) |
| 7 | केना 6 (2) | केना 8 (4) |
| 8 | पुनर्नवा 3 (1) | ओसाडी 6 (3) |
| 9 | ओसाडी 2 (0.67) | |
| 10 | माका 2 (0.67) | |
| 11 | तेरडा 1 (0.33) | |
| 12 | लाजाळू 1 (0.33) | |

आडव्या अक्षावर क्रम आणि उभ्या अक्षावर टक्केवारी घ्यावी. प्रत्यक्ष संख्येऐवजी टक्केवारी घेण्याचे कारण असे की, ‘अ’मध्ये 300 आणि ‘ब’मध्ये 200 रोपे आहेत, आणि नुसत्या संख्येने आलेख काढला तर ‘अ’ची रेषा केवळ गर्दीमुळे वर सरकेल. उभा अक्ष लॉग मोजपट्टीवर असावा. साध्या मोजपट्टीवर 56 टक्क्यांचा एक उंच ठिपका दिसतो आणि 2 टक्क्यांखालच्या सगळ्या जाती तळाला चिकटून एकसारख्या भासतात. लॉग मोजपट्टीवर मात्र 2 आणि 1 यांच्यातले अंतर 50 आणि 25 यांच्यातल्या अंतराइतकेच दिसते, म्हणून विरळ जातींच्या शेपटाचाही आकार वाचता येतो. दोन्ही वक्र एकाच चौकटीत, एकाच मोजपट्टीवर काढावेत. शेजारी शेजारी दोन वेगळ्या आकृत्या ठेवल्या आणि त्यांचे अक्ष वेगळे असले, तर डोळा फसतो.

आर ही प्रणाली वापरणाऱ्यांसाठी एवढ्या ओळी पुरेशा आहेत :

```r
library(vegan)
a <- c(168,54,27,15,12,9,6,3,2,2,1,1)
b <- c(52,44,34,26,18,12,8,6)
plot(100*a/sum(a), log="y", type="b", pch=16,
     xlim=c(1,12), ylim=c(0.3,60),
     xlab="Rank", ylab="%")
lines(100*b/sum(b), type="b", pch=1)
diversity(a)/log(length(a))
diversity(b)/log(length(b))
rarefy(a, 200)
```

समान संख्येच्या जातींना (इथे ओसाडी आणि माका, तसेच तेरडा आणि लाजाळू) वेगवेगळे क्रम द्यावेत आणि ठिपके एका उंचीवर येऊ द्यावेत. त्यांना सरासरी क्रम दिला, तर वक्राची लांबी आणि जातींची संख्या यांचा मेळ बसत नाही.

वक्रावर तीन गोष्टी वाचायच्या

पहिली गोष्ट म्हणजे वक्र उजवीकडे कुठवर जातो. ‘अ’ची रेषा 12 वर थांबते आणि ‘ब’ची 8 वर, ही जातिसमृद्धी. दुसरी गोष्ट म्हणजे डावीकडचा पहिला ठिपका किती उंच आहे. ‘अ’मध्ये तो 56 टक्क्यांवर आणि ‘ब’मध्ये 26 टक्क्यांवर आहे. सर्वाधिक विपुल जातीचा हाच हिस्सा बर्गर-पार्कर निर्देशांक म्हणून दिला जातो, आणि वर्चस्व व्यक्त करण्याचा याहून सोपा आकडा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे रेषेचा उतार. उतार जितका सौम्य, तितकी जातींमधली वाटणी समान.

‘अ’मध्ये पहिल्या ठिपक्याकडून दुसऱ्याकडे जाताना रेषा 56 वरून एकदम 18 वर कोसळते आणि मग बऱ्यापैकी एकसारखी खाली उतरत एक-एक रोपाच्या जातींपाशी पोहोचते. ‘ब’मध्ये असा कडा कुठेच नाही, 26, 22, 17, 13 अशी रेषा आधी हळूहळू उतरते आणि तिचे सर्वांत खालचे टोकही 3 टक्क्यांवर आहे. सुरुवातीच्या पेचाचे उत्तर इथेच मिळते. ‘अ’मध्ये जाती चार अधिक आहेत, पण क्रम 9 ते 12 वरच्या चारही जाती 1 टक्क्याच्या खाली आहेत आणि निम्म्याहून अधिक रोपे एकाच जातीची आहेत. शॅनन निर्देशांक जातींची संख्या आणि वाटणी दोन्ही एका आकड्यात गुंफतो, आणि इथे वाटणीतल्या विषमतेने संख्येवर मात केली आहे. पिलू यांची समता, म्हणजे शॅनन निर्देशांकाला जातींच्या संख्येच्या नैसर्गिक लॉगने भागून येणारा आकडा, ‘अ’साठी 0.59 आणि ‘ब’साठी 0.90 येतो.

उतारांची तुलना कुठे फसते

दोन वक्रांच्या लांबी वेगळ्या असल्या की उतारांची तुलना जपून करावी लागते. ‘अ’ची रेषा 11 पायऱ्यांत 56 वरून 0.33 पर्यंत उतरते आणि ‘ब’ची रेषा 7 पायऱ्यांत 26 वरून 3 पर्यंत. दर पायरीचा उतार मोजला, तर जाती अधिक असलेल्या जागेला एक प्रकारची सवलत मिळते, कारण तेवढीच घसरण तिथे अधिक पायऱ्यांवर विभागली जाते. म्हणून प्रत्येक क्रमाला त्या जागेवरील एकूण जातींनी भागून दुसरा आलेख काढावा, म्हणजे दोन्ही वक्र 1 या एकाच बिंदूवर संपतात आणि फक्त उताराची तुलना उरते. आपल्या उदाहरणात अशा मांडणीतही ‘अ’च अधिक उभा राहतो, त्यामुळे निष्कर्ष बदलत नाही, परंतु बदलला असता, तर ते अहवालात सांगावे लागले असते.

दुसरा धोका शेपटाचा. 300 रोपे मोजली, तर सर्वांत विरळ जात 0.33 टक्क्यांच्या खाली दिसूच शकत नाही, आणि 200 रोपे मोजली, तर 0.5 टक्क्यांच्या खाली नाही. म्हणजे वक्राचे खालचे टोक काही अंशी निसर्गाने आणि काही अंशी आपल्या मोजणीने ठरते. प्रेस्टन यांनी 1948 मध्ये याच मर्यादेला पडद्याची उपमा दिली होती : नमुना जितका मोठा, तितका पडदा सरकतो आणि आणखी विरळ जाती उघड्या पडतात. ‘अ’च्या चार अधिक जाती केवळ जास्त रोपे मोजल्यामुळे तर सापडल्या नाहीत ना, हे तपासायला `rarefy` उपयोगी पडते. ‘अ’मधून यादृच्छिक 200 रोपे घेतली असती, तर सरासरीने सुमारे 11.1 जाती मिळाल्या असत्या. हा आकडा 8 पेक्षा पुरेसा मोठा आहे, म्हणून समृद्धीतला फरक केवळ नमुन्याच्या आकाराचा नाही असे म्हणता येते. तरीही एकच रोप मिळालेल्या तेरडा आणि लाजाळू या दोन जातींवर फार मोठी इमारत उभारू नये. चौकट हातभर सरकली असती, तर त्या गळल्याही असत्या.

इथे एक मोह टाळावा असे मला वाटते. जातींमधली वाटणी कशी असेल यासाठी 1932 मध्ये मोतोमुरा यांनी भूमितीय श्रेणी मांडली, 1957 मध्ये मॅकआर्थर यांनी मोडलेल्या काठीचे प्रतिमान दिले, आणि संगणकावर ही प्रतिमाने क्षणात बसवता येतात. म्हणून अनेक अहवालांत ‘अ भूमितीय श्रेणीत बसते, सबब ती विस्कळीत आहे’ असे वाक्य दिसते. आठ किंवा बारा ठिपक्यांवर दोन-तीन प्रतिमाने जवळजवळ सारखीच चांगली बसतात, आणि एखादे प्रतिमान बसले म्हणून त्यामागची कारणेही तीच आहेत असे सिद्ध होत नाही. इतक्या छोट्या यादीसाठी आलेखाचा आकार शब्दांत सांगणे अधिक प्रामाणिक ठरते.

विषमता डोक्यात आहे की शेपटात

‘अ’ची समता कमी आली ती फक्त गाजरगवतामुळे, की उरलेल्या जातींची वाटणीही असमान आहे? हा प्रश्न साधा आहे, पण अहवालात क्वचितच विचारला जातो. उत्तरासाठी पहिली जात बाजूला ठेवून उरलेल्या 132 रोपांवर आणि 11 जातींवर तीच गणिते पुन्हा करावीत. समता 0.59 वरून सुमारे 0.74 वर जाते. म्हणजे विषमतेचा बराच भाग एकट्या गाजरगवताचा आहे. तरी ते काढल्यावरही ‘अ’ची वाटणी ‘ब’च्या 0.90 इतकी समान होत नाही. यावरून जागेबद्दल एक तपासण्याजोगा अंदाज बांधता येतो. राडारोड्याच्या ढिगावर सिमेंट-विटांचे तुकडे, त्यांच्या फटींत साठलेली माती आणि पाणी तुंबणारे खळगे असतात. गाजरगवत जोमाने वाढून उघडी जागा व्यापते आणि उरलेल्या जाती अशा सुट्या कोपऱ्यांत थोड्या थोड्या रोपांनी टिकून राहतात. लांब आणि विरळ शेपूट या चित्राशी जुळते, पण ते कारण आहे असे म्हणण्यासाठी मातीची खोली आणि उघडे खडे यांची चौकटवार नोंद लागेल.

त्याचबरोबर गाजरगवताची 168 रोपे किती चौकटींत विखुरली आहेत हे पाहिल्याशिवाय वर्चस्वाबद्दल काहीही लिहू नये. 20 पैकी 17 चौकटींत ते असेल, तर त्याचे वर्चस्व संपूर्ण भूखंडावर आहे. पण तेवढीच रोपे तीन चौकटींत दाटली असतील, तर आलेख तसाच येईल आणि अर्थ मात्र पार वेगळा असेल, कारण उरलेल्या 17 चौकटींतली वाटणी कदाचित ‘ब’सारखी सौम्य असेल. बेरीज केल्यावर ही माहिती नाहीशी होते. म्हणून प्रत्येक जातीची संख्या देताना ती किती चौकटींत आढळली हेही परिशिष्टात द्यावे. हातात चौकटवार नोंदी असतील, तर त्याच 20 चौकटींतून परत परत निवड करून, एखादी चौकट पुन्हा आली तरी चालेल अशा रीतीने, हजार वेळा समता काढावी. मिळालेल्या आकड्यांचा मधला 95 टक्के पट्टा दोन्ही जागांसाठी दिला की 0.59 आणि 0.90 यांच्यातला फरक एक-दोन चौकटींवर अवलंबून आहे की नाही, ते वाचकाला दिसते. ही निवड चौकटींची करावी, सुट्या रोपांची नव्हे, कारण एका चौकटीतली शेजारची रोपे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

ठिपक्यांवर नावे लिहावीत

क्रम-विपुलता आलेखाची मोठी उणीव अशी की, तो जातींची नावे गिळून टाकतो. ‘ब’ची रेषा सौम्य आहे म्हणून ती जागा कमी विस्कळीत, असा निष्कर्ष काढणे म्हणजे समता आणि आरोग्य एकच मानणे होय, आणि या तुलनेत मला सर्वाधिक काळजी याच उडीची वाटते. पहिल्या तीन-चार ठिपक्यांवर नावे लिहिली की चित्र बदलते. ‘ब’मधल्या पहिल्या दोन जाती, लाजाळू आणि एकदांडी, दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या आहेत. गाजरगवत, एकदांडी, लाजाळू आणि ओसाडी या चार परदेशी जातींचाच हिस्सा मोजला, तर ‘अ’मध्ये तो 66 टक्के आणि ‘ब’मध्ये 51 टक्के भरतो. समतेच्या आकड्यांत दिसणाऱ्या दरीच्या मानाने हे अंतर बरेच कमी आहे. वारंवार कापणी आणि पायदळी तुडवणे यांमुळे उंच वाढणाऱ्या कोणत्याही जातीला डोके वर काढता येत नाही. आघाडा, कुर्डू, तेरडा आणि खुद्द गाजरगवत ‘ब’मध्ये नाहीत, आणि जे उरले त्यांत बुटक्या, पसरट आणि चिवट जातींचा भरणा आहे. कोणालाही वरचढ होऊ न देणारा विक्षोभ समता वाढवू शकतो आणि त्याच वेळी जाती कमीही करू शकतो.

अहवालात काय लिहावे

आकृतीखाली जागांचे वर्णन, चौकटींची संख्या व आकार, मोजणीचा आठवडा, गवते वगळल्याची नोंद, प्रत्येक जागेवरील एकूण रोपे आणि उभा अक्ष लॉग मोजपट्टीवर असल्याचा उल्लेख असावा. निष्कर्षाचा परिच्छेद साधारण असा लिहिता येईल :

‘जागा अ येथे 12 आणि जागा ब येथे 8 जाती आढळल्या, समान 200 रोपांवर आणल्यास अ येथे सुमारे 11 जाती अपेक्षित आहेत. अ येथील वक्र सुरुवातीला तीव्र उताराचा असून गाजरगवताचा हिस्सा 56 टक्के आहे. ब येथील वक्र सौम्य असून सर्वाधिक विपुल जातीचा, लाजाळूचा, हिस्सा 26 टक्के आहे. समता अनुक्रमे 0.59 आणि 0.90 आहे, गाजरगवत वगळल्यास अ येथील समता 0.74 होते, म्हणून तेथील विषमता बऱ्याच अंशी, परंतु संपूर्णपणे नव्हे, एका जातीमुळे आहे. दोन्ही जागांवर परदेशी जातींचा हिस्सा निम्म्याहून अधिक आहे, त्यामुळे ब येथील अधिक समता ही त्या जागेच्या सुस्थितीची खूण मानलेली नाही.’

यानंतर एक वाक्य न विसरता जोडावे. वीस चौकटी म्हणजे वीस स्वतंत्र भूखंड नव्हेत. राडारोड्याची जागा एकच पाहिली आणि पायवाटेची कडही एकच. दिसलेला फरक या दोन जागांमधला आहे. तो राडारोडा आणि कापणी या दोन प्रकारच्या विक्षोभांमधला आहे असे म्हणायचे असेल, तर प्रत्येक प्रकारच्या आणखी काही जागा, एकमेकींपासून दूर निवडलेल्या आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्याच नियमांनी मोजलेल्या, हाती असाव्या लागतील, आणि मग प्रत्येक जागेचा वक्र स्वतंत्र रेषेने त्याच आलेखात काढावा लागेल.